कोऱ्या पत्राच्या गावाहून चार ओळी

महाशिवरात्रीची शुभेच्छा व्रतात असलेल्या माणसाच्या हाती पडते. दिवाळीची शुभेच्छा वाचणाऱ्यापुढे फराळाचं ताट असतं, गुढीपाडव्याची वाचणाऱ्याच्या दारात गुढी असते. महाशिवरात्रीची शुभेच्छा वाचणारा मात्र सकाळपासून उपाशी असतो, रात्री जागणार असतो आणि त्याचं अर्धं लक्ष घड्याळाकडे, अर्धं महादेवाकडे असतं. त्याला पाठवायच्या चार ओळी लिहिताना ही त्याची अवस्था आधी ध्यानात घ्यावी लागते. जळगाव-धुळ्याकडे तर हा प्रश्न जरा अधिकच रंगतो, कारण पत्राची सुरुवात कशी करावी हे न कळल्यामुळे कोरा कागद धाडणाऱ्या चांगदेवांचं गाव याच मुलखात आहे आणि तिथली मोठी यात्रा नेमकी महाशिवरात्रीला भरते.

आधी तिथीचं. महाराष्ट्रात महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला येते. वद्य चतुर्दशी दर महिन्याला असते आणि तिला शिवरात्र म्हणतातच. माघातली तेवढी महाशिवरात्र. खान्देशाची उत्तर सीमा सातपुड्याला आणि मध्य प्रदेशाला लागलेली. बऱ्हाणपूर, खंडवा, सेंधवा इथे सोयरीक असलेली घरं पुष्कळ, त्यामुळे तिकडून येणाऱ्या हिंदी संदेशांत हीच तिथी फाल्गुनातली म्हणून लिहिलेली असते. दोन्ही बरोबर. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, तिकडे पौर्णिमेला. म्हणून वद्य पक्षापुरता महिन्याच्या नावात फरक पडतो, दिवस एकच राहतो. परंतु तो हिंदी मजकूर जसाच्या तसा मराठीत उतरवून ‘फाल्गुन मासातील महाशिवरात्री’ असं धुळ्याच्या मित्राला पाठवलं, की पंचांग बघणारा माणूस पहिल्याच ओळीला थबकतो. शब्दाचंही तसंच. मराठीत ‘महाशिवरात्र’ असते. ‘महाशिवरात्रीच्या’, ‘महाशिवरात्रीला’ ही तिची सामान्यरूपं. नुसतं ‘महाशिवरात्री’ हे रूप आता सर्रास चालतं, त्यावरून कुणाशी भांडू नये, पण कानाला घरचं कुठलं ते ठाऊक असलेलं बरं.

मग उपास. महाशिवरात्रीचा उपास दोन्ही वेळचा असतो आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी सुटतो. सोमवारचा उपास बहुतेक घरांत संध्याकाळी जेवून सोडतात, हा तसा नाही. संध्याकाळी सात वाजता ‘सुटला का उपास?’ असं विचारणाऱ्या माणसाला या व्रताची ओळख नाही हे समोरच्याला लगेच कळतं. तो रागावत नाही, ‘उद्या’ एवढंच म्हणतो. उपासाच्या तऱ्हा घरोघरी निराळ्या. कुणी भगर आणि शेंगदाण्याची आमटी घेतो, कुणी साबुदाण्याची खिचडी. कुणी फक्त रताळी आणि केळी, आणि रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीला तोटा कसला. कवठाची चटणी या दिवशी बऱ्याच घरांत होतेच. कुणी निर्जळी करतो. बाहेरच्या माणसाला यातलं कुठलं कुणाचं हे माहीत नसतं, म्हणून शुभेच्छेत पदार्थाचं नाव घालू नये हे उत्तम. ‘खिचडी जोरात होऊ द्या’ हा विनोद निर्जळी करणाऱ्याच्या वाट्याला आला तर तो हसून सोडून देतो, पण ती ओळ वायाच जाते. उलट ‘कडक उपास करा’ असा आग्रहही नको. साखरेचा आजार असलेला, गोळ्या चालू असलेला मित्र काय खायचं, काय टाळायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवत असतो. त्याने फळ खाल्लं म्हणून त्याचं व्रत उणं होत नाही, आणि त्याला तसं वाटायला लावणारी शुभेच्छा ही शुभेच्छाच नव्हे. भगरीचं पीठ सुटं घेऊ नये, फार दिवस ठेवलेलं वापरू नये, त्याला बुरशी लागून विषबाधा होते, हा सल्ला खरा आणि दर उपासाच्या हंगामात महाराष्ट्रात कुठे ना कुठे त्याचा प्रत्ययही येतो. मात्र त्याची जागा दोन दिवस आधीच्या फोनवर आहे, जेव्हा वाणसामान भरायचं असतं. शुभेच्छेत तो घुसवला की ती सूचनापत्र होते.

आता चांगदेव. मुक्ताईनगर तालुक्यात, पूर्णा तापीला मिळते त्या संगमावर चांगदेव नावाचं गाव आहे. तिथलं चांगदेवांचं दगडी मंदिर हेमाडपंती म्हणून ओळखलं जातं आणि ते पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे. मुक्ताईनगरचं जुनं नाव एदलाबाद. जवळच कोथळी आणि मेहूण इथे मुक्ताबाईंची स्थानं आहेत. तापीकाठी वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. माघ वद्य एकादशीपासून चांगदेवला आणि मुक्ताबाईंच्या स्थानी यात्रा सुरू होते आणि महाशिवरात्रीला ती भरात येते. जळगाव, बुलढाणा आणि सातपुड्यापलीकडून दिंड्या पायी येतात. त्यातला वारकरी एकादशीला उपाशी असतो, बारशीला उपास सोडतो, त्रयोदशीला जेवतो आणि चतुर्दशीला पुन्हा उपास धरतो. विठ्ठलाचा उपास आणि महादेवाचा उपास चार दिवसांच्या आत, एकाच माणसाच्या अंगावर, एकाच वाटेवर. हरी आणि हर वेगळे नाहीत हे कीर्तनात ऐकायला मिळतं. इथे ते पोटाने कळतं. धुळ्याकडे शिंदखेडा तालुक्यात मुडावदला पांझरा तापीला मिळते, तिथे कपिलेश्वराचं मंदिर आहे आणि महाशिवरात्रीला तिथेही गर्दी लोटते. खान्देशातले महादेव असे नदीच्या संगमाला धरून बसलेले बरेच आहेत.

चांगदेवांची आख्यायिका महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी शुभेच्छेच्या अंगाने ती पुन्हा पाहण्यासारखी आहे. योगबळाने चौदाशे वर्षं जगलेला हा योगी ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहायला बसला. पण मायना काय लिहायचा? वयाने पोर, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, तर अधिकार मोठा. अधिकार मोठा म्हणून ‘तीर्थरूप’ लिहावं, तर वय आडवं येतं. शेवटी त्याने कोरा कागदच धाडला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली की इतकी वर्षं जगूनही हा कोराच राहिला; आणि ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या पत्राला ६५ ओव्यांचं उत्तर लिहिलं, तीच चांगदेव पासष्टी. अध्यात्माचा अर्थ बाजूला ठेवला तरी पत्रलेखनाची अडचण अस्सल आहे. मायन्यात नातं ठरतं, आणि नातं ठरल्याशिवाय पुढचं वाक्य सुचत नाही.

आजच्या शुभेच्छा चांगदेवांची ही अडचण टाळतात, ती सगळ्यांना एकच मायना लावून. ‘आपणांस व आपल्या परिवारास’ हे शब्द मामांना जातात, शाळेतल्या दोस्ताला जातात आणि गॅसच्या एजन्सीवाल्यालाही जातात. ज्याला वर्षभर ‘काय रे’ म्हणून हाक मारली त्याला एका सकाळी ‘आपण’ म्हटलं, की मान दिल्यासारखं न वाटता अंतर पडल्यासारखं वाटतं. खान्देशात बरोबरीच्या मित्राला ‘भाऊ’ म्हणतात. वयाने मोठा असेल तर घरात जे नाव पडलेलं असतं, आबा, नाना, आप्पा, दादा, तेच. बाईमाणसाला ताई, अक्का, माई. धुळ्याकडे घरात अहिराणी चालते, भुसावळ-यावलकडे लेवा बोली. लिहिताना बहुतेक जण प्रमाण मराठीकडे वळतात, आणि ते ठीकच आहे. पण मायना घरचा ठेवला की उरलेली तीन वाक्यं प्रमाण भाषेत असली तरी परकी वाटत नाहीत. आणखी एक गोष्ट ‘परिवारास’ या शब्दाची. उपास आणि जागरण घरातलं एखादंच माणूस करतं. बाकीची मंडळी जेवून झोपलेली असतात. शुभेच्छा जागणाऱ्याला द्यायची असते. ती एकट्याच्या नावाने गेली तर कुणाचा अपमान होत नाही.

वेळेचा प्रश्न मायन्याहून अवघड आहे, आणि त्यासाठी ही रात्र कशी चालते हे पाहावं लागतं. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतच्या काळाचे चार सारखे भाग केले की चार प्रहर मिळतात. २०२६ मध्ये महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला, रविवारी होती. त्या सुमाराला जळगावला सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो आणि दुसऱ्या दिवशी सातच्या थोडा आधी उगवतो. रात्र साधारण साडेबारा तासांची, म्हणजे एकेक प्रहर तीन तास आणि वर पाच-सात मिनिटांचा. पहिला प्रहर साडेनऊच्या पुढे सरतो, दुसरा पाऊण वाजण्याच्या सुमारास, तिसरा पावणेचारच्या पुढेमागे, चौथा सूर्योदयाला. प्रत्येक प्रहराची पूजा निराळी करण्याची रीत आहे: पहिल्याला दुधाचा अभिषेक, दुसऱ्याला दह्याचा, तिसऱ्याला तुपाचा, चौथ्याला मधाचा. घरोघरी यात फरक पडतो, पण चार वेळा पूजा मांडायची हे कायम. बेल, आंब्याचा मोहोर, कवठ, बोरं ताटात असतात. बेलाचं पान तीन दळांचं, न फाटलेलं आणि पालथं वाहायचं.

याच रात्रीचे चारऐवजी पंधरा भाग केले तर एकेक भाग पन्नास मिनिटांच्या जवळपास येतो, आणि त्यातला मधला, आठवा भाग म्हणजे निशीथकाल. व्रताचा गाभा तो. जळगावला तो सव्वाबाराच्या सुमारास लागतो आणि एकच्या थोडा पुढे सरतो. धुळं पश्चिमेला असल्यामुळे तिथे दोन-तीन मिनिटं उशिरा. दिल्लीच्या हिशेबाने फिरणाऱ्या चित्रांवर तो बारा वाजून नऊ-दहा मिनिटांनी सुरू झालेला असतो, मुंबईच्या पंचांगात साडेबाराच्या जवळ. घड्याळ देशभर एकच, पण मध्यरात्र प्रत्येक गावाची आपापली. म्हणून निशीथकालाचे आकडे शुभेच्छेत टाकणाऱ्याने ते कोणत्या गावाचे आहेत हे पाहिलेलं बरं; न टाकणारा त्याहून शहाणा. ज्याला पूजा करायची आहे त्याने आपल्या गावचं पंचांग केव्हाच पाहिलेलं असतं.

रात्रीचा हा आराखडा समोर ठेवला की शुभेच्छा कधी पाठवू नये हे आपोआप कळतं. मित्र जागाच आहे, मग रात्री साडेबाराला पाठवायला काय हरकत, असं पुष्कळांना वाटतं. हरकत अशी की तो जागा आहे ते कशासाठी. नेमक्या त्या पन्नास मिनिटांत त्याच्या हातात दह्याची वाटी किंवा जपाची माळ असते आणि बाजूला फोन थरथरतो. रात्री दोनच्या ‘जागे आहात ना?’ या संदेशात तर शुभेच्छेपेक्षा हजेरीच अधिक. तिसऱ्या प्रहरात डोळा लागणं हे जागरण करणाऱ्या प्रत्येकाच्या अनुभवाचं आहे. शिवलीलामृतात, म्हणजे श्रीधरांनी शके १६४०, इसवी सन १७१८ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात, दुसऱ्या अध्यायात व्याधाची कथा येते. तो शिकारी पाण्याकाठच्या बेलाच्या झाडावर रात्रभर दबा धरून बसतो, आड येणारी पानं तोडून खाली टाकतो, खाली लिंग आहे हे त्याला ठाऊकही नसतं. मिळालं नाही म्हणून उपास घडतो, शिकारीसाठी म्हणून जागरण. आपल्या माणसांना भेटून परत येतो असं सांगून गेलेली हरणं दिलेल्या शब्दाप्रमाणे परत येतात आणि त्याचं मन पालटतं. त्याचं जागरण कुणी मोजलं नव्हतं, त्याने स्वतःही नाही. ज्या व्रताची मुख्य कथा अशी, त्या व्रतात मित्राच्या पापण्यांचा हिशेब ठेवणं शोभत नाही.

म्हणून वेळा दोनच. पहिली सकाळची, उपास धरल्यावर, नऊच्या आत. फार तर दिवेलागणीच्या अगोदर, पहिला प्रहर लागण्याआधी. दुसरी दुसऱ्या दिवशी, पारणं झाल्यावर. पारण्याच्या वेळेबद्दल शास्त्रकारांत मतभेद आहेत, चतुर्दशी संपण्याआधी करावं की संपल्यावर. घरं आपापली रीत पाळतात. त्यामुळे सूर्योदयाला टेकून फोन लावू नये. शिवाय रात्रभर जागलेला माणूस चार घास खाऊन आडवा झालेला असतो. दुपारी चार ही चांगली वेळ.

आता मजकूर. बहुतेक ठिकाणी फिरतो तो नमुना असा असतो: ‘महाशिवरात्रीच्या पावन पर्वावर भगवान भोलेनाथ आपल्या सर्व मनोकामना पूर्ण करो.’ यात ‘पावन पर्वावर’ ही हिंदीची उचल आहे. मराठीत पर्वावर कुणी चढत नाही, काही घडायचं ते पर्वकाळात घडतं. महादेव आदरार्थी, तर ‘करो’ नको, ‘करोत’ हवं. हे किरकोळ. मुख्य अडचण ‘सर्व मनोकामना’ची आहे. उपाशी राहून जागणारा माणूस काही मागण्यासाठी हे करतो आहे असं त्यात गृहीत धरलेलं असतं. तो करतही असेल. मुलाची नोकरी असेल, आईचं दुखणं असेल, किंवा बापाने चाळीस वर्षं केलं म्हणून हा करत असेल. ते त्याचं आणि महादेवाचं. बाहेरच्याने मागायचं तर एकच गोष्ट बिनधोक मागता येते: जे धरलं आहे ते नीट पार पडो. व्रतासाठी मराठीत ‘निर्विघ्न’ हा शब्द त्याचसाठी आहे. ‘आनंदात साजरी होवो’ हेही या रात्रीला थोडं सैलच, कारण ही रात्र साजरी करण्यापेक्षा पाळण्याची आहे.

धुळ्यातला एक जण पायी दिंडीतून चांगदेवला निघालेल्या आपल्या बरोबरीच्या मित्राला लिहितो आहे असं धरू. मित्र ‘तू’तला. एकादशी झाली आहे, चार-पाच दिवसांची चाल पायात आहे, रात्री संगमावर जागरण. फोनची बॅटरी जेमतेम, गर्दीत रेंज येते-जाते. तेव्हा चित्र नको, गाणं नको, लांब मजकूर नको. उघडायला वेळ लागणारं काहीच नको. मजकूर इतकाच होतो:

‘राम राम भाऊ. आज तुझा उपास, रात्री संगमावर जागरण. चारही प्रहर निर्विघ्न पार पडोत. पायांना जप, पाणी घेत जा. उत्तर देऊ नको, पारणं झाल्यावर बोलू. ॐ नमः शिवाय.’

यातलं ‘पाणी घेत जा’ हे वाक्य मित्र निर्जळी करत नाही हे ठाऊक असेल तरच राहील. ठाऊक नसेल तर काढून टाकायचं. माघ संपता संपता खान्देशात दुपारचं ऊन लागायला लागलेलं असतं आणि पायी चालणाऱ्याला ते बाधतं, म्हणून ते सुचलं, एवढंच. ‘उत्तर देऊ नको’ ही ओळ या सगळ्यात सर्वांत कामाची. शुभेच्छा आली की उलट शुभेच्छा पाठवायची हा शिष्टाचार इतका मुरला आहे की व्रतातला माणूसही त्यासाठी माळ खाली ठेवतो. पाठवणाऱ्यानेच त्याला त्यातून मोकळं केलं तर रात्रीतली तेवढी पाच मिनिटं त्याची त्याला परत मिळतात. घरी चार प्रहरांची पूजा करणाऱ्या ताईला लिहायचं तर संगम आणि पाय निघून जातील, ‘राम राम ताई’ येईल आणि क्रियापदं ‘तुम्ही’ची होतील, बाकी सांगाडा तोच. ज्याचं वय वडिलांएवढं आणि मैत्री मात्र बरोबरीची, अशा गृहस्थाला काय म्हणावं ही चांगदेवांची अडचण तरीही शिल्लक राहतेच. तिथे लिहिण्यापेक्षा सकाळी जाऊन बेलाची जुडी दारात द्यावी.

पुढची महाशिवरात्र ६ मार्च २०२७ला, शनिवारी आहे. मार्चात रात्र थोडी लहान असते. प्रहर पुरते तीन तास आणि वर काही मिनिटंच भरतील. संदेश सकाळी नऊच्या आत पोचलेला असू द्या.